आजोबांच्या एका फेरीतून रस्त्याचे नियम कसे शिकावेत

वाहन परवान्याच्या लेखी परीक्षेतले प्रश्न वाचायला सोपे असतात आणि तिथेच मुलं फसतात. अरुंद घाटात आधी कोणी जायचं, हा प्रश्न घ्या. पुस्तिकेत त्याचं उत्तर एका ओळीत असतं: चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्या. ओळ पाठ होते, पण परीक्षेत चार पर्याय समोर आले की ‘जड वाहन’, ‘आधी पोहोचलेलं वाहन’, ‘उतरणारं वाहन’ हे सगळंच पटायला लागतं. ती ओळ का आहे हे माहीत नसलं की असंच होणार.

माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या एका मुलाचं नेमकं हेच चाललं होतं. त्याच्या आजोबांनी जन्मभर मालाचा ट्रक चालवला होता. त्यांच्या घाटातल्या गोष्टी नातवाला लहानपणापासून पाठ, पण त्या गोष्टींचा आणि हातातल्या पुस्तिकेचा काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. परीक्षेच्या आधी त्याने आजोबांसमोर वही घेऊन बसायचं ठरवलं. त्यातून जी पद्धत हाती लागली ती इथे देतो. घरात ट्रकवाले आजोबा नसतील तर बस चालवणारे काका किंवा टॅक्सी चालवणारी मावशीही चालेल. चालवलेल्या माणसाची एक खरी फेरी मिळाली पाहिजे, एवढंच.

## एकच फेरी निवडा आणि कागदावर काढा

“आजोबा, तुमच्या प्रवासातलं काहीतरी सांगा ना,” असं विचारलंत तर अपघात, पाऊस, रात्रीचं धुकं आणि पोलिसांशी झालेली बाचाबाची एवढंच ऐकायला मिळेल. ऐकायला मजा येते, पण परीक्षेसाठी उपयोग नाही. त्यापेक्षा एक नेहमीची, काहीही विशेष न घडलेली फेरी मागा. माल भरला तिथपासून उतरवला तिथपर्यंत.

नातवाने कागदावर एक आडवी रेघ मारली आणि आजोबा सांगतील तशी त्यावर ठिकाणं टाकत गेला: गोदामाचं फाटक, गावातला चौक, मोठा रस्ता, घाट, अरुंद पूल, पुन्हा गाव. प्रत्येक ठिकाणी त्याने तीनच प्रश्न विचारले. तिथून तुम्हाला किती लांबचं दिसत होतं? अचानक थांबावं लागलं असतं तर किती जागा लागली असती? आणि तुम्ही पुढे काय करणार हे दुसऱ्याला कसं कळत होतं?

हे तीन प्रश्न मुद्दाम असे आहेत. रस्त्याचा जवळपास प्रत्येक नियम या तिघांपैकी एकाचं उत्तर असतो. वळणावर आणि चढाच्या टोकावर ओव्हरटेक करू नका, कारण पुढचं दिसत नाही. वेगाची मर्यादा आणि दोन गाड्यांमधलं अंतर हे थांबायच्या जागेसाठी. इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, हाताच्या खुणा या तिसऱ्या प्रश्नासाठी. नियम वाचला की त्यामागचा प्रश्न ओळखायचा, आणि प्रश्न दिसला की नियम आठवायचा. सुरुवातीला थोडं रेटावं लागतं, मग सवय होते.

आजोबांना मध्येच थांबवून “म्हणजे किती मीटर?” असं विचारत बसू नका. त्यांना मीटरमध्ये सांगता येणार नाही. “दोन गाड्या मावतील एवढं”, “तो खांब दिसेपर्यंत” अशी उत्तरं येतील. ती तशीच लिहून घ्या, हिशोब नंतर करता येतो.

## घाट: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

फेरीतला घाट हा भाग नातवाने सगळ्यात हौसेने लिहिला आणि तो लिहिण्यासारखाच आहे, कारण एका उतारात चार-पाच नियम एकत्र दिसतात.

आजोबांचं पहिलं वाक्य असं होतं: “घाट सुरू व्हायच्या आधी गिअर टाकायचा. सुरू झाल्यावर टाकू म्हणशील तर गाडी तुझं ऐकत नाही.” यामागचं कारण समजून घ्या. भरलेली गाडी उताराला लागली की वेग आपोआप वाढतो. वेग वाढल्यावर खालचा गिअर बसायला तयार होत नाही, आणि प्रयत्न करताना गाडी न्यूट्रलमध्ये अडकली तर तिला धरून ठेवणारं इंजिनही सुटतं. म्हणून उताराच्या तोंडाशीच वेग कमी करून खालचा गिअर टाकतात. जुने चालक म्हणतात की ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. हा ढोबळ नियम आहे. काही नव्या गाड्यांना त्याहूनही खालचा गिअर लागतो, पण लहान गाडी शिकणाऱ्याला अंदाज यायला एवढा पुरतो.

मग नातवाने विचारलं, “ब्रेक आहे की, मग इंजिनाची गरज काय?” या प्रश्नाचं उत्तर आकड्यात पाहिलेलं बरं. पंचवीस टनांचा ट्रक तीनशे मीटर उंचीवरून खाली आला आणि तेवढ्या उताराचं सगळं ओझं फक्त ब्रेकवर टाकलं, तर ब्रेकच्या ड्रममध्ये जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात सुमारे २२० लिटर गार पाणी उकळीपर्यंत येईल. ही उष्णता जायला जागा असते ती फक्त चाकांमागच्या ड्रममध्ये आणि भोवतालच्या हवेत. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड कमी होते, आणि पायाखालचं पॅडल दाबूनही गाडी मंदावत नाही. चालक याला ‘ब्रेक पकडत नाही’ म्हणतात.

ही वेळ जवळ येत असल्याच्या खुणा आजोबांनी अशा सांगितल्या: पॅडल पहिल्यापेक्षा जास्त दाबावं लागतं, जळका वास येतो, आरशात चाकाजवळ धूर दिसतो. हवेच्या ब्रेकची गाडी असेल आणि चालक सारखा सारखा पॅडल मारत असेल तर काट्यावर हवा उतरताना दिसते. कारसारख्या गाडीत ब्रेकचं तेल फार तापून उकळलं तर पॅडल मऊ पडतं आणि खोल जातं. यातली पहिली खूण दिसली की पुढच्या मोकळ्या जागेत गाडी घेऊन थांबायचं आणि ब्रेक गार होऊ द्यायचे. घाईने त्यांच्यावर पाणी ओतायचं नाही, तापलेल्या धातूला तडे जाऊ शकतात.

ब्रेक वापरायचा कसा, हेही त्यांनी हाताने टेबलावर दाबून दाखवलं. पाय हलकासा ठेवून सतत घासत उतरायचं नाही. एकदा नीट दाबून वेग ताशी आठ-दहा किलोमीटरने खाली आणायचा, सोडायचा, इंजिनाच्या जोरावर गाडी जाऊ द्यायची, वेग ठरलेल्या आकड्याला पोहोचला की पुन्हा दाबायचा. मधल्या काळात ड्रमला हवा लागते.

आता परीक्षेत येणारा प्रश्न पाहा: ‘उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे योग्य आहे का?’ पाठांतर करणारा ‘नाही’ लिहील आणि गुण मिळवेल. पण हाच प्रश्न थोडा फिरवून आला, समजा ‘लांब उतारावर क्लच दाबून ठेवल्याने काय होते?’, तर पाठांतर अडतं. आजोबांची फेरी ज्याच्या डोक्यात आहे त्याला लगेच कळतं की क्लच दाबला म्हणजे इंजिन चाकांपासून सुटलं, परिणाम न्यूट्रलसारखाच.

## समोरून गाडी आली: कोणी थांबायचं

इथे आपण सुरुवातीच्या प्रश्नावर येतो आणि थोडं सावकाश जाऊ, कारण यातच सगळ्यात जास्त गोंधळ असतो.

रस्ता इतका अरुंद आहे की दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. एक चढतेय, एक उतरतेय. सर्वसाधारण नियम असा की उतरणाऱ्याने कडेला घेऊन चढणाऱ्याला जाऊ द्यायचं. कारण विचारल्यावर आजोबा म्हणाले, “चढावर थांबलेली भरलेली गाडी परत हलवून बघ एकदा.” चढावर थांबलेल्याला क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी सांभाळत निघावं लागतं, आणि जमलं नाही तर गाडी मागे घसरते. उतरणाऱ्याला ब्रेक सोडला की पुरे. शिवाय उतरणारा बहुतेक वेळा वरून खालचा रस्ता आधी पाहू शकतो.

रस्ते वाहतुकीबद्दल १९६८ साली व्हिएन्नामध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात हाच नियम आहे आणि तिथे त्याला जोडून एक अपवादही आहे. चढणाऱ्याच्या अगदी पुढेच बाजूला घेण्यासाठी जागा असेल, आणि तो तिथे थांबल्याने कोणालाच मागे जावं लागणार नसेल, तर चढणाऱ्याने त्या जागेत थांबायचं. नियमाचा हेतू एकच, उलट गिअर टाकायची वेळ येऊ नये.

पण ती वेळ आलीच तर? समजा दोन्ही गाड्या समोरासमोर उभ्या आहेत आणि एकाला मागे जावंच लागणार आहे. इथे क्रम बदलतो. त्याच करारानुसार मागे जाण्याच्या वेळी जोडगाडीला, म्हणजे मागे ट्रेलर जोडलेल्या गाडीला, सगळ्यांवर प्राधान्य, जड वाहनाला हलक्यावर, आणि बसला मालट्रकवर. दोन्ही गाड्या एकाच प्रकारच्या असतील तर उतरणाऱ्याने मागे जायचं. चढणाऱ्याला मागे जाणं उघडपणे सोपं असेल, जसं की त्याच्या मागे लगेचच मोकळी जागा असेल, तर मात्र त्याने जावं.

उतरणाऱ्याने मागे जायचं म्हणजे चढावर उलटं जायचं. ऐकायला विचित्र वाटतं. पण चढावर उलटं जाताना ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप मंदावते. उतारावर उलटं जाताना गाडी स्वतःच पळायला बघते आणि चालकाची नजर मागे असते. म्हणून हे काम उतरणाऱ्याकडे.

आता आजोबांचा प्रसंग मांडून पाहू. ते भरलेला ट्रक घेऊन उतरत होते, समोरून एक कार चढत होती, आणि कारच्या मागे ट्रकभर अंतरावर रस्ता जरा रुंद झाला होता. नातवाचं उत्तर होतं, “कार चढतेय म्हणून ट्रकने मागे जायचं.” पहिल्या नियमाप्रमाणे ते बरोबर दिसतं. पण इथे नुसतं थांबून भागत नाही, कोणीतरी मागे जायला हवं. एक जड, एक हलकं. म्हणून कारने त्या रुंद जागेपर्यंत मागे यायचं. प्रत्यक्षातही तसंच झालं, आणि आजोबांच्या सांगण्याप्रमाणे कारवाल्याची कुरकुर बरीच झाली.

वहीत हे दोन वेगळ्या ओळींत लिहा. ‘कोण थांबेल’ ही एक ओळ, ‘कोण मागे जाईल’ ही दुसरी. परीक्षेच्या पुस्तिकेत बहुतेक वेळा पहिलीच ओळ असते. दुसरी तुमच्या देशाच्या अधिकृत पुस्तिकेत आहे का ते पाहा. असेल तर तिचेच शब्द धरा, नसेल तर परीक्षेत पहिल्या ओळीवर राहा.

## दिवा दाखवला म्हणजे मोकळा रस्ता का?

आजोबांच्या फेरीतला मोठ्या रस्त्याचा भाग ऐकताना नातवाला एक गोष्ट फार आवडली. मागची कार बराच वेळ मागे अडकलेली असली की आजोबा पुढचा रस्ता पाहून इंडिकेटर देत आणि कार पुढे निघून जाई. “मी सांगायचो, ये, मोकळं आहे.”

ही सवय ट्रकवाल्यांमध्ये असते आणि तिच्यात चांगुलपणाच आहे. पण परीक्षेच्या दृष्टीने हा सापळा आहे. इंडिकेटरचा नियमातला अर्थ एकच: मी त्या बाजूला वळणार किंवा सरकणार आहे. त्याच दिव्याचा अर्थ ‘ये’ असाही घेतला, तर ज्या दिवशी पुढचा ट्रक खरोखर त्या बाजूला वळेल त्या दिवशी मागची कार थेट त्याच्या कुशीत शिरेल.

डिपरचंही तसंच. एका ठिकाणी हेडलाइट दोनदा चमकवणं म्हणजे ‘तू जा’, दुसरीकडे तेच ‘मी येतोय, थांब’. परीक्षेत धरायचा अर्थ एवढाच की मी इथे आहे, माझ्याकडे लक्ष दे. त्यात कोणाला परवानगी दिलेली नसते.

आता आजोबांना पुढे मोकळं दिसलं तरी कारला ते पुरेसं का नसतं, याचा हिशोब करून पाहा. ट्रक ताशी ६० किलोमीटरने चालला आहे, कार ८० ने. फरक २० चा, म्हणजे कार ट्रकच्या तुलनेत दर सेकंदाला साडेपाच मीटरच पुढे सरकते. ट्रकच्या मागे तीस मीटर असताना बाहेर पडायचं, बारा मीटरचा ट्रक ओलांडायचा, आणि तीस मीटर पुढे गेल्यावर परत आत यायचं. स्वतःच्या लांबीसकट कारला ट्रकपेक्षा सुमारे ७६ मीटर जास्त कापावे लागतात. त्याला साधारण चौदा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात कार स्वतः रस्त्यावर तीनशे मीटरच्या वर जाते. समोरून कोणी ८० ने येत असेल तर तोही तीनशे मीटर जवळ येतो. म्हणजे बाहेर पडताना समोर सहाशे मीटरहून जास्त रस्ता रिकामा दिसला पाहिजे, आणि तो कारमध्ये बसलेल्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे.

नातवाने हा हिशोब स्वतः केला आणि आजोबांना वाचून दाखवला. त्यांना सहाशेचा आकडा पटला नाही, त्यांच्या मते तो फारच मोठा होता. मग दोघं रस्त्याकडेच्या खांबांमधलं अंतर आठवून मोजायला लागले. त्यातून काय निघालं ते मला कळलं नाही, पण मोठ्या रस्त्यावरचे ओव्हरटेकचे प्रश्न त्याचे नंतर चुकले नाहीत.

## दोन ट्रक मावतील एवढं अंतर

पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं, यावर आजोबांचं उत्तर ठरलेलं: “मध्ये दोन ट्रक मावले पाहिजेत.” साधारण पंचवीस मीटर. त्यांच्या काळच्या हळू चालणाऱ्या ट्रकला ते कदाचित चाललं असेल, पण वेग वाढला की तेवढंच अंतर धोक्याचं होतं. म्हणून मीटरऐवजी सेकंद मोजायला शिका.

पुढची गाडी एखादा खांब किंवा फलक ओलांडेल तेव्हा मोजायला सुरुवात करा. तुमची गाडी त्याच खांबाशी पोहोचेपर्यंत निदान दोन सेकंद गेले पाहिजेत. रस्ता ओला असेल तर चार. ताशी ६० च्या वेगाला दोन सेकंद म्हणजे सुमारे ३३ मीटर, ८० ला सुमारे ४४. वेग वाढला की अंतर आपोआप वाढतं, हाच या मोजणीचा फायदा.

या दोन सेकंदांतला मोठा भाग तर नुसता ‘अरे, पुढच्याने ब्रेक मारला’ हे लक्षात येऊन पाय हलेपर्यंत जातो. शिवाय ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबायला जे अंतर लागतं ते वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून फार जास्त वाढतं: वेग दुप्पट केला तर ते चौपट होतं. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असलेली कार ताशी ४० वरून दहा मीटरच्या आत उभी राहू शकते. ८० वरून तिला पस्तीस मीटरच्या आसपास लागतात, पाय हलेपर्यंतचं अंतर वेगळंच. परीक्षेत ‘वेग दुप्पट झाल्यास ब्रेकचे अंतर किती पट’ असा प्रश्न आला तर ‘दुप्पट’ हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो.

भरलेल्या ट्रकला यापेक्षा जास्त जागा लागते. हवेच्या ब्रेकमध्ये पॅडल दाबल्यापासून हवा चाकांपर्यंत पोहोचायला थोडा वेळ जातो आणि तेवढ्यात ट्रक पुढे सरकलेला असतो. म्हणून ट्रकच्या पुढे घुसून लगेच ब्रेक मारणाऱ्या कारवर आजोबा इतके चिडतात. त्यांनी राखलेली मोकळी जागा म्हणजे कोणासाठी रिकामी सोडलेली खुर्ची नव्हे.

## आता खुर्ची बदला

इथपर्यंत नातू आजोबांच्या शेजारी, ट्रकच्या केबिनमध्ये बसून विचार करत होता. पण परीक्षा तो दुचाकी आणि कारच्या परवान्याची देणार होता. त्यामुळे चौकातला भाग आम्ही उलटा करून घेतला: आजोबा वर बसलेत आणि तू खाली दुचाकीवर आहेस.

आजोबांना कुठे दिसत नव्हतं, ते त्यांनी कागदावर ट्रक काढून रेघांनी भरून दाखवलं. नाकाच्या अगदी पुढे, काचेच्या खालचा पट्टा. पाठीमागचा पूर्ण भाग. आणि चालक ज्या बाजूला बसतो त्याच्या विरुद्ध बाजूला, दारापासून मागे पसरत जाणारा सगळ्यात मोठा भाग. ‘तुम्हाला ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही’, हे वाक्य चालक शिकणाऱ्याला सांगतातच, आणि ते खरं आहे. उलट मात्र धरू नका. चेहरा दिसला म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलंच असं नसतं.

दुसरी गोष्ट वळणाची. लांब गाडी वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आत कापतात. कोपऱ्यावर चाक चढू नये म्हणून चालक आधी गाडी उलट्या बाजूला थोडी घेतो आणि मग वळवतो. त्या क्षणी कोपऱ्याच्या बाजूला एक छान रिकामी जागा दिसते. दुचाकीवाला तिथे शिरतो, आणि ती जागा मागची चाकं बंद करत येतात. आजोबांनी कागदावर रेघ काढली तेव्हा नातू म्हणाला, “म्हणजे ती फट मुळात नव्हतीच.” परीक्षेत चित्र असतं: ट्रकचा इंडिकेटर एका बाजूला, ट्रक सरकलाय दुसऱ्या बाजूला, तुम्ही मागे. उत्तर एकच, मागे थांबायचं.

## सवय वेगळी, नियम वेगळा

फेरी पूर्ण झाली की वहीतल्या प्रत्येक ओळीसमोर अधिकृत पुस्तिकेतलं पान लिहा. ज्या ओळीला पान सापडत नाही तिच्याभोवती गोल करा. नातवाच्या वहीत अशा गोल केलेल्या ओळी बऱ्याच निघाल्या: इंडिकेटरने ‘ये’ म्हणणं, रिकामा ट्रक असताना डिझेल वाचवायला उतारावर गिअर काढणं, अरुंद पुलावर जो आधी डिपर देईल त्याचा पूल मानणं.

हे काम आजोबांना बाजूला ठेवून करू नका. त्यांनाच विचारा, “आजोबा, हे तुम्ही का करत होतात?” पुलाच्या बाबतीत त्यांनी सरळ सांगितलं की तिथे फलकच नव्हता, चालकांनी आपसांत ठरवून घेतलेली रीत होती. फलक असेल तिथे फलकच पाहायचा.

फलकांसाठी फेरीचा उपयोग थोडाच होतो, पण एक युक्ती इथे जोडून टाका. १९६८ च्याच व्हिएन्ना करारातल्या पद्धतीत आणि तिच्यावरून फलक घेतलेल्या बहुतेक देशांत आकार आधी बोलतो. त्रिकोण म्हणजे पुढे धोका. लाल काठाचं वर्तुळ म्हणजे मनाई किंवा मर्यादा. निळं वर्तुळ म्हणजे हे करायलाच हवं. टोकावर उभा केलेला उलटा त्रिकोण म्हणजे दुसऱ्याला आधी जाऊ द्या, आणि आठ बाजूंचा फलक म्हणजे पूर्ण थांबा. हे दोन आकार मुद्दाम वेगळे ठेवले आहेत, मागून पाहिले किंवा चिखलाने माखले तरी ओळखू यावेत म्हणून. रेघेवरच्या प्रत्येक ठिकाणी कोणत्या आकाराचा फलक असायला हवा, तेवढं काढून टाका. काही देशांत इशाऱ्याचा फलक पिवळा आणि टोकावर उभ्या चौकोनाचा असतो, तेव्हा आपल्या पुस्तिकेतलं चित्र एकदा पाहून घ्या.

## आलं की नाही, हे कसं कळेल

पुस्तिकेमागचे सराव प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवून पूर्ण गुण मिळाले तर त्यावर फार विसंबू नका. उत्तरांच्या जागा लक्षात राहिलेल्या असतात. त्यापेक्षा घरातल्या कोणाला तरी प्रश्नातली एकच गोष्ट बदलायला सांगा. कोरड्याऐवजी ओला रस्ता. कारऐवजी भरलेला ट्रक. चढणारा एकटा नाही, त्याच्या मागे बस आहे. नियम समजला असेल तर तुम्ही उत्तर देण्याआधी विचार करायला थांबाल आणि कारण सांगाल. नुसता पाठ असेल तर उत्तर लगेच येईल आणि ते आधीचंच असेल. नातवाची परीक्षा त्याची आजी घ्यायची. तिने कधी गाडी चालवली नव्हती, त्यामुळे “का?” हा प्रश्न ती खरंच उत्तर माहीत नसताना विचारायची, आणि त्याला प्रत्येक वेळी नीट सांगावं लागायचं.

एका प्रकारच्या प्रश्नांना मात्र फेरीचा काहीही उपयोग नाही: दंड, वयाची अट, परवान्याची मुदत, गाडीत ठेवायची कागदपत्रं, शाळेजवळची वेगमर्यादा. ही माहिती विचार करून सुचत नाही आणि आजोबांना आठवणारे आकडे जुने असतात. ती चालू आवृत्तीच्या पुस्तिकेतून वेगळ्या पानावर लिहून घ्या आणि शेवटच्या दोन दिवसांत सरळ पाठ करा.